ग्राहकाचं काम रखडलंय, नवी तारीख द्यायची आहे. हा मेसेज पाठवू का?

लंबक | १७ जुलै, सकाळी ९:१०

मी चावीची घड्याळं दुरुस्त करतो. एकटाच आहे, मदतनीस नाही. एका बाईंचं टोले देणारं भिंतीवरचं घड्याळ २ जूनला घेतलं आणि २० जूनला देतो म्हणालो. चालवणारी स्प्रिंग तुटली होती. मागवली, ती चुकीची आली. २४ जूनला त्यांनी विचारलं तेव्हा मी "पुढच्या आठवड्यात" असं कळवलं. ९ जुलैला त्यांचा पुन्हा मेसेज आला, त्याला मी उत्तरच दिलं नाही. काय लिहावं ते सुचेना, आणि एक एक दिवस गेला तसं लिहिणं आणखी अवघड होत गेलं. आज सकाळी बसून हा मजकूर लिहिलाय:

"नमस्कार. काही अपरिहार्य कारणांमुळे आपल्या घड्याळाच्या दुरुस्तीस विलंब झाला आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. पार्ट उपलब्ध होताच काम लवकरात लवकर पूर्ण करण्यात येईल. शक्यतो २८ जुलैपर्यंत घड्याळ तयार होईल. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद."

पाठवू का? वाचून बघा आणि स्पष्ट सांगा.

रेघोट्या | ९:३२

पाठवा. नम्र आहे, मुद्देसूद आहे. आणखी उशीर करू नका एवढंच.

पायवाट | ९:४०

अजिबात थांबू नका. पावती आहे ना तुमच्याकडे? त्यावर २० जून ही तारीख लिहिली असेल तर लेखी कळवा की अमुक दिवसांत घड्याळ परत मिळालं नाही तर तक्रार करीन. माझी शिलाई मशीन अशीच चार महिने अडकली होती, लेखी दिल्यावर आठवड्यात घरी आली.

रेघोट्या | ९:४३

पायवाट, ते ग्राहक नाहीत, दुरुस्ती करणारे आहेत.

पायवाट | ९:५१

अरे हो. घाईत वाचलं, माफ करा. पण मग ग्राहकाच्या बाजूने एक सांगते. त्या चार महिन्यांत मला उशिराचा त्रास फारसा नव्हता. मशीन हरवली की काय, दुसऱ्या कुणाला दिली की काय, सुटे भाग काढून घेतले की काय, हेच डोक्यात घोळायचं. विचारलं की "काम चालू आहे" एवढंच उत्तर. तुमच्या मजकुरात घड्याळ आत्ता कुठे आहे, कसं आहे, याचा एक शब्द नाही. बाईंचं घड्याळ जुनं असेल तर त्यांना आधी तेच हवं असेल.

दोन_शब्द | १०:१५

मी बरीच वर्षं एका दुरुस्ती केंद्रात ग्राहकांच्या पत्रांना उत्तरं लिहायचं काम केलं. त्या सवयीने सांगतो, राग मानू नका.

तुमच्या मजकुरात कुणी काही केलेलंच नाही. विलंब "झाला आहे", काम पूर्ण "करण्यात येईल", घड्याळ "तयार होईल". तुम्ही एकटे आहात असं वर लिहिलंय आणि दिलगीर मात्र "आम्ही" आहोत. हे "आम्ही" कोण? त्या बाईंनी घड्याळ तुमच्या हातात दिलं, त्यांच्याशी बोलणारा माणूस तुम्हीच. "झालेल्या गैरसोयीबद्दल" ही रस्ता खणून ठेवलेला असतो तिथल्या पाटीवरची भाषा आहे. ती वाचून आजवर कुणाचा राग गेला असेल असं मला वाटत नाही, कारण ती सगळ्यांसाठी असते.

"मी २० जूनला देतो म्हणालो होतो आणि दिलं नाही. तुमच्या ९ तारखेच्या मेसेजला उत्तरही दिलं नाही. माफ करा." एवढी तीन वाक्यं पुरतात. दुसरं वाक्य गाळू नका. उशीर लोक समजून घेतात, अबोला नाही. ज्याची त्यांना खरी चीड आली असेल त्याचा उल्लेखच टाळला तर बाकीची माफी वरवरची वाटते.

"अपरिहार्य" काढा. स्प्रिंग चुकीची का आली?

लंबक | १०:४०

माझ्यामुळेच. रुंदी १९ मिमी, जाडी ०.४५ मिमी बरोबर मोजून कळवली. पण या घड्याळाला टोकाला कडी असलेली स्प्रिंग लागते, ती आतल्या खांबाला अडकते. आली ती टोकाला भोक असलेली, जी डबीच्या आतल्या आकड्याला अडकवतात. मी टोकाबद्दल काही लिहिलंच नव्हतं. परत पाठवून नवी मागवली, ती २२ जुलैला येईल असं पुरवठादार म्हणतो.

दोन_शब्द | १०:४८

मग हेच लिहा, पण एका ओळीत. "स्प्रिंग मागवताना माझ्याकडून एक तपशील कळवायचं राहिलं, त्यामुळे चुकीची आली." कडी-भोक सांगायची गरज नाही. आणि पुरवठादारावर तर अजिबात ढकलू नका, खरं असलं तरी. बाईंचा व्यवहार त्याच्याशी नाही.

मोकळी_खिडकी | ११:०५

एवढ्या चर्चेपेक्षा फोन करा ना. दोन मिनिटांचं काम. मेसेजमध्ये सूर कळत नाही.

दोन_शब्द | ११:२०

फोन जरूर करा, पण मेसेजनंतर. फोनवर माणूस समोरच्याचा राग ऐकून घाबरतो आणि जमणार नाही अशी तारीख बोलून जातो. मी हे कितीदा पाहिलंय. तारीख आधी कागदावर ठरवावी, लिहून पाठवावी, मग फोनवर त्यांचं ऐकून घ्यावं.

गिरकी | ११:३१

माझा साधा नियम: मनात येईल त्याच्या दुप्पट सांगायचं. मी फर्निचरला पॉलिश करतो. पाच दिवस वाटले तर दहा सांगतो, आठव्या दिवशी देतो, ग्राहक खूश. तुम्हीही २८ जुलैऐवजी ८ ऑगस्ट सांगा आणि आधी द्या.

जुनी_पेटी | १२:१०

लंबक, मीही याच कामातला आहे, आता हात थरथरतो म्हणून कमी करतो. मला तुमच्या मेसेजपेक्षा तारखेची काळजी वाटते. २८ जुलै कुठून आली? स्प्रिंग २२ ला येणार. घड्याळ उघडलेलं आहे असं धरतो. स्प्रिंग बसवणं, सगळं धुऊन जोडणं, तेल, यात इतर कामं सांभाळून तीन दिवस जातात. म्हणजे २५ ला घड्याळ पहिल्यांदा टिकटिक करेल. मग २८ ला देणार? चालवून बघणार कधी?

लंबक | १२:२५

तीन दिवस चालवून बघणार होतो. आधीच एवढा उशीर झालाय म्हणून.

जुनी_पेटी | १२:५०

इथेच दुसऱ्यांदा माफी मागायची वेळ येते. आठ दिवसांच्या चावीचं घड्याळ पहिले तीन दिवस कुणाचंही चालतं. स्प्रिंग नुकती भरलेली असते, तिच्यात इतका जोर असतो की थोडं घर्षण असलं तरी ती रेटून नेते. सहाव्या-सातव्या दिवशी जोर उतरतो आणि तेव्हा खरं दुखणं कळतं. टोले लांबायला लागतात, टिकटिक लंगडी होते, किंवा घड्याळ रात्रीतून थांबतं. चाकाच्या दांड्याचं एखादं भोक झिजून लांबट झालेलं असतं, ते तिसऱ्या दिवशी दिसतच नाही. तुम्ही २८ ला दिलं तर ते ३१ जुलैला किंवा १ ऑगस्टला त्यांच्या भिंतीवर थांबेल.

स्प्रिंग तुटताना जो फटका बसतो त्याने मागच्या चाकाचा दात वाकतो, कधी चावीचा खटका उडतो. ते तपासलंत ना?

म्हणून निदान एक पूर्ण चावी, म्हणजे आठ दिवस, काही न करता चालू द्या. त्यात दिवसाला किती मिनिटं मागेपुढे पडतं ते कळेल. लंबकाखालचं चाक फिरवून सुधारा आणि दुसरी चावी चालवा. तीच खरी परीक्षा.

गिरकी, तुमचा नियम पॉलिशला चालत असेल, इथे अर्धाच लागू पडतो. माझ्या हाताचे तीन दिवस दुप्पट केले तर ठीक. पण आठ दिवस हे आठच असतात, ते ना लांबतात ना आखडतात. आणि सैल जागा ठेवायची ती स्प्रिंग येण्याच्या तारखेला, कारण ती आपल्या हातात नाही.

लंबक | १:२०

दात तपासले, एक किंचित वाकला होता, सरळ केला. खटका ठीक आहे. दोन भोकं झिजली होती, त्यांत नवे बुश बसवलेत.

मांडून बघतो. २२ ला स्प्रिंग, २५ ला जोडून तयार. २६ जुलै ते ३ ऑगस्ट पहिली चावी, ३ ते ११ दुसरी. म्हणजे ११ ऑगस्ट. २८ जुलैवरून एकदम ११ ऑगस्ट सांगायचं?

जुनी_पेटी | १:३४

११ नाही, १४. स्प्रिंग तीन दिवस उशिरा आली तरी तुटायची नाही अशी तारीख द्या.

मोकळी_खिडकी | १:४०

ग्राहक म्हणून मी हे वाचलं तर भडकेन. आधीच चार आठवडे उशीर आणि आता आणखी चार? मी २८ जुलै सांगेन आणि मग जे होईल ते बघेन. निदान आजचा दिवस तरी निभावेल.

पायवाट | १:५५

मोकळी_खिडकी, मला चार महिन्यांत पाच तारखा मिळाल्या होत्या, आणि प्रत्येक तारखेला मी कपाट सरकवून मशीनची जागा करून ठेवायचे. पहिलीच तारीख दूरची असती तर एकदाच चिडले असते.

दोन_शब्द | २:१०

नवी तारीख एकदाच देता येते. तीही चुकली तर पुढे तुम्ही काय लिहिता ते कुणी वाचत नाही. म्हणून "शक्यतो" काढा. "शक्यतो २८ जुलैपर्यंत" मध्ये दोन पळवाटा आहेत, "शक्यतो" आणि "पर्यंत". "१४ ऑगस्ट, गुरुवार" असं लिहा. वार लिहिला की माणूस खरंच कॅलेंडर बघून बोलतोय हे कळतं.

मात्र एवढी लांबची तारीख नुसती ठेवून चालणार नाही, अधला एक टप्पा द्या. "स्प्रिंग आली की नाही ते २५ जुलैला मी कळवेन." आली नसली तरी कळवायचं. त्यांनी पुन्हा विचारायची वेळ येऊ द्यायची नाही.

गिरकी | २:२५

दुप्पटचा मुद्दा मागे घेतो, आठ दिवस चालवून बघायचं असतं हे माहीतच नव्हतं. पण मजुरीत सूट दिलीच पाहिजे. नुसत्या शब्दांनी काय होतं?

दोन_शब्द | २:४०

याबद्दल माझं मत पक्कं नाही. आमच्याकडे सूट दिली की काही लोक शांत व्हायचे. काहींना वाटायचं की आपलं तोंड बंद करायला दिली. इतकं नक्की की सूट पहिल्या ओळीत नको.

जुनी_पेटी | २:५२

मी सूट देत नाही. घरी जाऊन घड्याळ टांगून, समतोल साधून देतो.

गिरकी | २:५८

ते तर तुम्ही एरवीही करायला हवं. उशिराची भरपाई कशी?

जुनी_पेटी | ३:०६

एरवी लोक स्वतः नेतात. असो, इथे आपलं एकमत होणार नाही.

कोरडी_शाई | ३:३०

सगळं वाचलं. एक प्रश्न कुणीच विचारला नाही. बाईंना घड्याळ कधी हवंय? देताना काही बोलल्या होत्या का?

लंबक | ३:५५

वही काढून बघितली. त्यांच्या नावापुढे माझ्याच अक्षरात आहे: "ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घर बदलणार, त्याआधी." हे मी पार विसरलो होतो. आता काय करू? ३ ऑगस्टला एक चावी संपते, तेव्हा देता येईल.

जुनी_पेटी | ४:२०

उलट आता १४ जास्त शहाणपणाची झाली. ३ ऑगस्टला दिलंत तर चार दिवसांत ते सामानाबरोबर हलवलं जाणार. लंबक न काढता उचललं तर ज्या पातळ पट्टीवर तो लटकतो तीच वाकते. नव्या भिंतीवर टांगलं की "टिक" आणि "टिक" यांतलं अंतर सारखं राहत नाही, घड्याळ तासाभरात थांबतं आणि त्यांना वाटतं दुरुस्तीच नीट झाली नाही. ते तुमच्याकडेच राहू द्या. दोन्ही चाव्या पूर्ण करा आणि सरळ नव्या घरी नेऊन टांगा.

दोन_शब्द | ४:३५

कल्पना चांगली आहे, फक्त ती उपकार केल्यासारखी मांडू नका. त्यांना ते जुन्या घरातून निघण्याआधी हवं होतं, वहीत तसंच लिहिलंय. कारण आपल्याला माहीत नाही. आधी कबूल करा की तुम्ही सांगितलेली वेळ मी पाळू शकत नाही. मग पर्याय द्या. आणि थांबायचंच नसेल तर घड्याळ परत नेण्याची वाट खुली ठेवा, पैसे न घेता. हे लिहिताना जीवावर येतं, तरी लिहा.

लंबक | ५:२५

पुन्हा लिहिलं:

"नमस्कार ताई. तुमचं घड्याळ २० जूनला देतो असं मी म्हणालो होतो आणि दिलं नाही. ९ जुलैच्या तुमच्या मेसेजला उत्तरही दिलं नाही. चूक माझी आहे, माफ करा.

घड्याळ माझ्याकडे सुरक्षित आहे. पेटी आणि तबकडी कपाटात आहे, आतले भाग धुऊन तुमच्या नावाच्या ट्रेमध्ये ठेवले आहेत. तुटलेली स्प्रिंग सोडून बाकी दुरुस्ती झाली आहे. नवी स्प्रिंग मागवताना माझ्याकडून एक तपशील कळवायचं राहिलं, त्यामुळे चुकीची आली. आता दुसरी २२ जुलैला यायची आहे. ती बसवल्यावर घड्याळ आठ-आठ दिवस दोनदा चालवून बघावं लागतं. ते कमी केलं तर ते तुमच्याकडे येऊन पुन्हा बंद पडू शकतं.

म्हणून नवी तारीख १४ ऑगस्ट, गुरुवार. घर बदलण्याआधी हवं असं तुम्ही सांगितलं होतं, ते मला जमणार नाही, याचं वाईट वाटतं. तुम्हाला चालत असेल तर १४ ला मी नव्या घरी आणून टांगून, चालू करून देईन. स्प्रिंग आली की नाही हे शुक्रवारी, २५ जुलैला मी स्वतः कळवेन.

थांबायचं नसेल तर सांगा. सगळे भाग जोडून घड्याळ परत देईन, आणि काहीही घेणार नाही. आज संध्याकाळी सात वाजता फोन केला तर चालेल का?"

पायवाट | ५:३२

सोबत फोटो पाठवा. पण सुट्या चाकांचा नको, ते बघून पोटात गोळा येईल. कपाटातल्या पेटीचा, चिठ्ठीसकट.

मोकळी_खिडकी | ५:४०

लांब आहे थोडं. पण हे वाचून मी तरी भडकणार नाही.

कोरडी_शाई | ५:४४

लंबक, वहीत अशी तारीख उलटलेली आणखी किती कामं आहेत?

लंबक | ५:५०

तीन.

कोरडी_शाई | ५:५३

मग बाईंना पाठवून झालं की त्या तिघांनाही आजच लिहा. त्यांनी अजून विचारलेलं नाही, म्हणून ते सोपं जाईल. आणि बाईंचं काम पुढे घेताना त्यांचं मागे पडणार असेल तर ते धरूनच तारखा द्या.

लंबक | १८ जुलै, सकाळी ८:२०

काल लिहिलेला मेसेज सहा वाजता फोटोसकट पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं. जसंच्या तसं इथे देत नाही, पण पहिलं वाक्य असं होतं की "मला वाटलं घड्याळ गेलं." पायवाट, तुम्ही म्हणालात तेच.

सातला फोन केला. पहिली काही मिनिटं त्या रागावून बोलल्या, मी ऐकून घेतलं. जुन्या घराच्या भिंतीवर ते शेवटचं चालताना त्यांना बघायचं होतं. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, तसं सांगितलं. १४ ला त्या घरी नाहीत, म्हणून शनिवार, १६ ऑगस्ट ठरलं. मजुरीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. नंतर वाटलं, काढायला हवा होता का?

तिघांनाही लिहिलं. एकाचं उत्तर आलंय, "बरं." दोघांचं नाही.

गिरकी | ८:४५

हो, काढायला हवा होता. १६ ला काढा.

दोन_शब्द | ९:०५

ज्या दोघांचं उत्तर आलं नाही त्यांना आज पुन्हा लिहू नका. तुम्ही दिलेल्या टप्प्याच्या दिवशी लिहा.

लंबक | २६ जुलै, सकाळी १०:१५

स्प्रिंग २३ ला आली, कडीचीच आहे. काल बाईंना तसं कळवलं. आज सकाळी चालण्याची आणि टोल्यांची अशा दोन्ही चाव्या भरल्या आणि लंबकाला हात लावला. टिकटिक सारखी आहे. टोले मात्र एकाने पुढे जातायत, नऊ वाजता दहा दिले.

जुनी_पेटी | १०:३०

ते मोजणीच्या चाकाचं आहे. टोल्यांची तार पुन्हा पुन्हा उचलून काट्यावरच्या तासाएवढे टोले पडेपर्यंत वाजवत जा, जुळेल. सातव्या दिवशी काय होतं ते कळवा.